नकाशा अब्बूंकडे

पालकसभेत गुणपत्रकावर सह्या झाल्या की काही पालक मुद्दाम रेंगाळतात. हल्ली त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, तुम्ही म्हणता मुलांबरोबर बसा, त्यांच्यात रस घ्या. पण तो मोबाईलवर खेळतो. त्याच्या शेजारी बसून मी करू काय? एकदा हातात घेतला तर दोन मिनिटांत हरले. तो हसला आणि म्हणाला, अम्मी, राहू दे, तुला जमणार नाही.”

कॅरम किंवा पतंग असता तर हा प्रश्न आला नसता. तिथे अब्बू मुलांना हरवतात. बारा-तेरा वर्षांनंतर मात्र मुलांचे खेळ मोबाईलवर गेले आहेत आणि तिथे पालक पहिल्या पावलालाच अडखळतो. यावेळी म्हणूनच एकच खेळ घेते आणि त्यात पालकाने नेमकी कोणती जागा धरावी ते सविस्तर सांगते.

आधी पालक का अडखळतो ते पाहू. आपण समजतो, वय झाले, डोके चालत नाही. खरी अडचण अंगठ्यांची आहे. या त्रिमितीच्या खेळांत डावा अंगठा चालण्यासाठी असतो आणि उजवा अंगठा मान वळवण्यासाठी. दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात. मुलांचा हात लहानपणापासून बसलेला असतो. आपण मात्र आधी चालतो, थांबतो, मग मान वळवतो. मान वळवताना नजर आभाळाकडे जाते नाहीतर जमिनीत घुसते, आणि ती सरळ करेपर्यंत आपण कुठून आलो हेच कळेनासे होते. काहींना चक्कर येते. हा हाताचा सराव आहे, सायकल किंवा शिवणयंत्रासारखा. तो यायला वेळ लागतो आणि तोवर मूल कंटाळते.

गोळीबाराच्या खेळांनी सुरुवात करू नये असे मी सांगते, त्याचे पहिले कारण हेच. तिथे एक चूक झाली की डाव संपला, आणि समोरचा अनोळखी खेळाडू आपली मान सरळ होईपर्यंत थांबत नाही. दुसरे कारण घरगुती आहे. अज़ान झाली, दाराची बेल वाजली, गॅसवर दूध उतू चालले, तरी तो डाव मध्येच थांबवता येत नाही. जो खेळ सोडून उठता येत नाही तो घरातल्या माणसांनी मिळून खेळायला अवघडच.

म्हणून मी माइनक्राफ्ट सुचवते. स्वीडनच्या मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ साली पूर्णपणे बाजारात आला. तुमच्या मुलाने तो खेळला नसला तरी त्याला माहीत नक्की असेल. सगळे जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड, पाणी, सारे ठोकळ्यांत. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. ठोकळे फोडायचे, गोळा करायचे, त्यांतून घर बांधायचे, शेती करायची, मेंढ्या पाळायच्या, खाण खणायची. जिंकणे-हरणे असे ठरवून दिलेले नाही. खेळ विकत घ्यावा लागतो, पण पैसे एकदाच भरायचे.

आता मुख्य गोष्ट. पहिले काही दिवस पालकाने मोबाईल हातात घेऊच नये. मोबाईल मुलाकडे आणि नकाशा पालकाकडे. हे जग इतके मोठे असते की त्यात चांगला खेळणारा मुलगाही हरवतो. लोखंड शोधत डोंगरापलीकडे जातो आणि आपले घर त्याला सापडत नाही. म्हणजे हरवण्याची भीती पालकाला एकट्यालाच नाही, आणि वाट लक्षात ठेवण्याचे काम खरोखरच कोणीतरी करायला हवे असते. त्या कामाला अंगठे लागत नाहीत. एक आलेख कागद, एक पेन्सिल आणि बेरीज-वजाबाकी पुरते.

जग तयार करताना मुलाला दोन गोष्टी निवडायला सांगा. पहिली, काठिण्यपातळी Peaceful ठेवायची. मग रात्री भुते आणि राक्षस येत नाहीत, भूकही लागत नाही. (भूक नाही म्हणजे शिकारही नाही. या जगात डुकरे फिरत असतात, आणि “मॅडम, त्याचे काय?” असे मला दोन पालकांनी विचारले आहे. त्यांना फिरू द्यावे.) दुसरी, Show Coordinates सुरू करायचे. जुने जग असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हे नंतरही सुरू करता येते. ते केले की पडद्याच्या कोपऱ्यात Position असे लिहून तीन आकडे दिसू लागतात, आणि मूल चालेल तसे ते बदलत राहतात.

पहिला आकडा पूर्व-पश्चिमेचा. पूर्वेला गेले की वाढतो, पश्चिमेला गेले की कमी होतो. मधला उंचीचा, समुद्राचे पाणी ६२ वर असते, त्यावरून आपण डोंगरावर आहोत की जमिनीखाली ते समजते. तिसरा आकडा दक्षिणोत्तर. दक्षिणेला गेले की वाढतो, उत्तरेला गेले की कमी होतो.

नकाशासाठी पहिला आणि तिसरा आकडाच लागतो. आलेख कागदाच्या मधोमध शून्य धरायचे आणि एक चौकट दहा ठोकळ्यांची मानायची. इथे एक मौजेची गोष्ट आहे. नववीच्या निर्देशक भूमितीत मुले वरच्या बाजूला धन संख्या मांडतात. या नकाशात उत्तर वर ठेवायची तर धन संख्या खाली येतात, कारण दक्षिणेकडे आकडा वाढतो. मुलाला हे आधी सांगू नका. त्याला शाळेच्या पद्धतीने पहिल्या दोन-तीन खुणा करू द्या. उजवीकडचे तळे नकाशावर बरोबर उजवीकडे आले पण उत्तरेचा डोंगर खाली का गेला, हे तो स्वतःच शोधून काढेल.

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी हे कसे झाले ते सांगते. मुलगी चौदा वर्षांची. अब्बूंचे भांड्यांचे दुकान. दुकान बंद करून, इशाची नमाज पढून ते घरी येतात तेव्हा मुलगी मोबाईलवर असते. दोघांचे बोलणे “जेवलीस का” आणि “अभ्यास झाला का” यापलीकडे जात नव्हते. खेळाचे नाव काढल्यावर ते म्हणाले, “मॅडम, मला गल्ल्याचा हिशेब येतो. हे नाही येत.” मी म्हटले, हिशेबच करायचा आहे.

त्यांनी आलेख कागदाबरोबर दुकानातली एक लांबट वहीही घेतली. पहिल्या पानावर लिहिले, घर: ४०, ६६, १२. खाली एकेक ओळ वाढत गेली. कोळशाची गुहा, मेंढ्यांचे कुरण, वाळूचा किनारा, आणि प्रत्येकापुढे तीन आकडे. माल कुठल्या फडताळावर ठेवला हे लिहून ठेवायची सवय असलेला माणूस. त्यांना हे काम परके वाटलेच नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगी गर्द झाडीत अडकली. चहूकडे सारखीच झाडे, वर सूर्य दिसत नव्हता. पडद्यावर आकडे होते २१४, ७१, वजा ९६. एरवी तिने वैतागून खेळ बंद केला असता. अब्बूंनी वही उघडली. पहिला आकडा २१४, घराचा ४०. फरक १७४, आणि आकडा कमी व्हायला हवा, म्हणजे पश्चिमेला जायचे. तिसरा आकडा वजा ९६ आणि घराचा १२. फरक १०८, आणि आकडा वाढायला हवा, म्हणजे दक्षिणेला. कागदावर पाहिले तर ती घराच्या ईशान्येला होती. सतरा-अठरा चौकटी डावीकडे आणि अकरा खाली.

“आधी मग़रिबकडे चल, बेटा,” ते म्हणाले. उर्दूत पश्चिमेला मग़रिबच म्हणतात. सूर्य मावळतो ती दिशा.

“पण मग़रिब कुठंय अब्बू? सगळीकडे झाडंच आहेत.”

“दहा पावलं कुठंही चाल. पहिला आकडा कमी झाला तर तीच मग़रिब. वाढला तर माघारी फीर.”

आकडा वाढला. ती वळली. चालताना खेळाडू सेकंदाला साधारण चार ठोकळे जातो. १७४ आणि १०८ मिळून २८२ ठोकळे, म्हणजे सपाट मैदान असते तर सव्वा मिनिटाची वाट. झाडी आणि एक ओढा असल्याने चार मिनिटे लागली. पहिला आकडा चाळीसवर आला तेव्हा अब्बू म्हणाले, “आता थांब, आता जुनूबकडे.” दक्षिणेचा शब्द तिला उर्दूच्या तासाला आठवला नसता, तो इथे कळला. घराचे छत दिसले तेव्हा दोघे काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात सांगत होती की आमच्या घरी नकाशा अब्बूंकडे असतो.

झाडीबाहेर आकड्यांशिवायही दिशा कळते. या जगात सूर्य आणि चंद्र दोन्ही पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळतात, आणि ढग नेहमी पश्चिमेकडे सरकतात. दिवस-रात्र मिळून आपल्या घड्याळाची वीस मिनिटे होतात, त्यामुळे सूर्याची चाल डोळ्यांना कळते. होकायंत्रावर मात्र विसंबू नका. मुले ते हौसेने बनवतात, पण त्याची सुई उत्तर दाखवत नाही आणि तुमचे घरही दाखवत नाही. ती जग सुरू झाले त्या जागेकडे वळते. घर तिथून लांब बांधले असेल तर सुईमागे चालणारा माणूस भलतीकडेच पोहोचतो. गुहेत शिरताना एक साधी युक्ती आहे: आत जाताना मशाली फक्त उजव्या भिंतीला लावायच्या. परतताना त्या डाव्या हाताला दिसत राहिल्या की आपण बाहेरच्या वाटेवर आहोत.

आठ-दहा दिवस असे गेले की पालकाला जग ओळखीचे होते. डोंगर कुठे, नदी कुठे हे त्याला मुलापेक्षा चांगले माहीत असते. मग दुसरा मोबाईल काढायला हरकत नाही. त्यावरही हा खेळ हवा, दोन्हींत खेळाची आवृत्ती एकच हवी आणि दोन्ही मोबाईल घरातल्या एकाच वाय-फायवर हवेत. मूल आपल्या जगाच्या सेटिंगमध्ये Visible to LAN Players सुरू करते, आणि ते जग पालकाच्या मोबाईलवर दिसू लागते. मूल आत असेल तेवढाच वेळ पालकाला आत जाता येते, आणि मला तर ही सोय वाटते.

आत गेल्यावर आधी अंगठ्यांची अडचण हलकी करून घ्या. स्पर्शाच्या सेटिंगमध्ये Joystick & tap to interact निवडले की ज्या ठोकळ्याचे काम आहे त्याला बोटानेच स्पर्श करता येतो, नजर नेमकी त्यावर धरावी लागत नाही. चक्कर येत असेल तर View Bobbing बंद करा. चालताना पडदा हलायचा थांबतो. Camera Perspective मध्ये Third Person Back ठेवले की आपण स्वतःला पाठमोरे पाहतो आणि कुठे उभे आहोत ते कळते. तरीही पहिल्या दिवशी वीस मिनिटे पुरे. कपाळ जड झाले की थांबावे, त्यात कमीपणा नाही.

पालकाने काम असे घ्यावे की फार फिरावे लागू नये आणि तरी मुलाला त्याची गरज पडावी. माझ्या मते सर्वांत चांगले काम मेंढ्यांचे. कुरणाला कुंपण घालायचे. शेजारी गव्हाचे शेत करायचे. पाण्याचा एक ठोकळा मध्ये ठेवला की त्याच्या चारी बाजूंना चार-चार ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली राहते, म्हणजे नऊ बाय नऊचा वाफा, मधले पाणी वजा करून ऐंशी रोपे. दोन मेंढ्यांना गहू चारला की कोकरू होते. कात्री लोखंडाच्या दोन तुकड्यांची बनते, आणि लोखंड मूल खाणीतून आणते. एका मेंढीची एका वेळी एक ते तीन ठोकळे लोकर निघते आणि गवत खाल्ले की पुन्हा येते. मुलाला गालिचे हवे असतात, रंगीत भिंती हव्या असतात, बिछाना हवा असतो. एका बिछान्याला लोकरीचे तीन ठोकळे आणि तीन फळ्या लागतात. तो लोखंड आणतो, तुम्ही लोकर देता. घेण-देण सुरू झाली की बोलणेही सुरू होते.

काही मुले म्हणतील, त्यापेक्षा Creative लावू, त्यात सगळे फुकट मिळते आणि उडताही येते. निदान पहिल्या महिन्यात नको. सगळेच हाताशी असले की एकाला दुसऱ्याची गरज उरत नाही. दोघे दोन टोकांना आपापले बांधत बसतात. आणि उडायला लागलेला नवशिका पालक क्षणात कुठल्या कुठे जातो.

आता बिघडते कुठे ते. बहुतेक घरांत मुलाच्या मदतीनेच बिघडते. अम्मीला जमत नाही असे दिसले की मूल “दे इकडे” म्हणून मोबाईल ओढून घेते, तीन सेकंदांत काम करते आणि परत देते. अम्मी होती तिथेच राहते, वर तिला कळतही नाही की झाले काय. वर्गातही हुशार मुले शेजाऱ्याचे गणित असेच सोडवून देतात. म्हणून पहिल्याच दिवशी नियम करा: तोंडाने सांगायचे, दुसऱ्याच्या मोबाईलला हात लावायचा नाही. मुलाला हे जड जाते. “तिकडे जा, अगं तिकडे” याचा उपयोग नाही हे त्याला कळते आणि तो “मान थोडी खाली, आता डावीकडे, कुंपणापर्यंत चाल” असे नीट सांगू लागतो.

दुसरी चूक पालकांची. हातात काम असताना आणि नजर पडद्यावर असताना मुले स्वतःहून बोलतात. शाळेत कोणाशी बिनसले, कोणत्या सरांची भीती वाटते. ते ऐकून लगेच “मग तू मला आधी का नाही सांगितलंस?” असे विचारले की तो पुन्हा गप्प होतो. तेव्हा लोकर कापत राहावे, एखादा “हं” पुरतो. विचारायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी जेवताना विचारावे. आणि खेळात चाचणीचे गुण काढू नयेत. त्यासाठी घरात दुसऱ्या वेळा आहेत.

जुळते आहे की नाही, याची एक खूण मी पाहते. मूल तुम्हाला बोलावते का, हे नाही. ते तर लाजेकाजेनेही बोलावेल. तुम्ही नसताना ते तुमच्या कामाला हात लावते का, हे पाहा. अब्बूंच्या वहीत मुलीने स्वतःच्या अक्षरात एखादी ओळ वाढवली, किंवा तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर तुमच्या मेंढ्यांना गहू घातला, तर जुळले आहे. उलट, ते सतत तुमच्यापासून पाचशे ठोकळे लांब असेल आणि आकडे सांगायला कुरकुर करत असेल तर त्याला एकट्याने खेळायचे आहे. त्या दिवशी नकाशा बंद करून उठावे.

मुलाचे मित्रांबरोबरचे वेगळे जग असेल तर तिथे शिरायचा आग्रह धरू नका. चौदा वर्षांच्या मुलाच्या मित्रांत त्याची अम्मी कुरण घेऊन आली तर त्याची पंचाईत होते. घराचे जग वेगळे असू द्या आणि ते फक्त घरच्या वाय-फायवरच राहू द्या. अनोळखी माणसांच्या सर्व्हरवर जायचे असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याची परवानगी आणि चौकशी वेगळी करावी. खेळाच्या आत Marketplace नावाचे दुकान आहे. तिथे Minecoins घेऊन सजवलेली जगे आणि कपडे विकत मिळतात. आपल्याला त्यातले काही लागत नाही, म्हणून मोबाईलमध्ये बँकेचे कार्ड जोडून ठेवू नये.

आणि अज़ानचे. मिळून खेळताना दोघांपैकी एकाने थांबवले तरी जग थांबत नाही, सूर्य चालत राहतो. पण Peaceful असल्याने कोणी येऊन काही करणार नाही. कुंपणाचे फाटक तेवढे लावून घ्यावे. नाहीतर परत येईपर्यंत मेंढ्या डोंगरावर गेलेल्या असतात आणि अर्धा तास त्यांनाच वळवण्यात जातो.